गुणपत्रक हरवलेलं नाही, दिसत नाही

"बाई, हा कागद कुणाला दाखवायचाच झाला तर नक्कल दाखवा. अस्सल हातातून सोडू नका. आणि सरकारी कचेरीत तर बापजन्मी देऊ नका."

पुण्याच्या कॉलेजातले हेडक्लार्क पेंढारकर १९२६ च्या उन्हाळ्यात असं म्हणाले, तेव्हा कुमारी भागीरथी आत्माराम चौबळ तोंडाला पदर लावून हसली होती. इंटरमीजिएट आर्ट्सचं ताजं गुणपत्रक तिच्या हातात होतं, त्यावर युनिव्हर्सिटीचा शिक्का होता, संस्कृतात पहिल्या वर्गाचे मार्क होते, आणि समोर नाकावर चष्मा घसरलेला एक म्हातारा तिला सरकारची भीती घालत होता. सरकारी कचेरीत कागद सुरक्षित नाही तर काय भाजणीच्या डब्यात सुरक्षित आहे?  पेंढारकरांनी नुसती दौत बंद केली.

त्याच मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'शालिनी' असं लिहिलं आणि एका मिनिटात भागीरथी चौबळ नाहीशी होऊन सौ. शालिनी त्रिंबक दिघे उभी राहिली. संस्कृतातला पहिला वर्ग मात्र भागीरथीकडेच राहिला. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. तांदूळ नंतर भटजींनी नेले.

त्रिंबकराव रेल्वेत तारमास्तर. कर्जतला बदली होण्याआधी सहा महिने बिऱ्हाड घाटाखालच्या एका पेट्याच्या, म्हणजे तालुक्याच्या पोटभागाच्या, मुख्य गावी होतं. गावाचं नाव इथे लिहीत नाही; लिहिलं तर तिथली कचेरी आमच्याकडून खुलासा मागेल. कर्जत-खालापूरकडच्या माणसाला ते न सांगता कळेल, आणि बाकीच्यांना आपापल्या गावचं नाव घालून वाचायला हरकत नाही. तर त्या गावी लोकल बोर्डाने मुलींची शाळा काढायचं ठरवलं. मास्तरीणबाईंकडून कचेरीमार्फत अर्ज मागवले. शालिनीने अर्ज केला, आणि नकलेपेक्षा अस्सल कागदाने वजन पडेल म्हणून गुणपत्रक टाचणीने अर्जाला जोडलं.

शाळा कोंडवाड्याच्या इमारतीत भरायची होती. गुरं कुठे न्यायची यावर बोर्डाचा आणि कचेरीचा चार महिने पत्रव्यवहार झाला आणि शेवटी गुरं तिथेच राहिली. शालिनीचा अर्ज दप्तरात गेला. मग कर्जतची बदली, मग कमळीचा जन्म, मग कमळीचा डांग्या खोकला. त्या धामधुमीत गुणपत्रकाची आठवण कुणाला राहणार?

आठवण आली १९२९ च्या एप्रिलात. मुंबईला नणंदेकडे राहून बी.ए. पुरं करायचं असं नवराबायकोचं ठरलं. सासूबाईंनीसुद्धा 'करायचं तर एकदाचं करून टाक' म्हणून परवानगी दिली. कमळीला बरोबर न्यायचं होतं. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांचं उत्तर आलं: जागा ठेवली आहे, पण इंटरचं गुणपत्रक अठरा जूनपर्यंत दाखवलं पाहिजे. ते नसेल तर जागा दुसऱ्या कुणाला. एक वर्ष थांबायचं म्हणजे काय, ते शालिनीला ठाऊक होतं. तिच्या वर्गातल्या चौघी अशाच एकेक वर्ष थांबल्या होत्या. त्यांतल्या एकीचं दुसरं मूल आता रांगायला लागलं होतं.

तिने युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रारसाहेबांना पत्र घातलं. आठ दिवसांत छापील उत्तर आलं. दुय्यम प्रत हवी असल्यास विद्यार्थ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज करावा. परीक्षा, वर्ष, केंद्र, बैठक क्रमांक आणि परीक्षेच्या वेळचं नाव लिहावं. ज्या कॉलेजातून परीक्षा दिली त्याच्या प्रिन्सिपॉलांमार्फत तो पाठवावा. पाच रुपये फी मनीऑर्डरने भरून पावतीचा क्रमांक अर्जात द्यावा. आणि अस्सल प्रत हरवली किंवा नष्ट झाली, ती कशी, व कोणता शोध घेतला, हे मॅजिस्ट्रेटपुढे स्टँपाच्या कागदावर शपथेने लिहून जोडावं.

"एवढंच ना?" त्रिंबकराव म्हणाले. "हरवलंय असं लिहून टाक."

"पण हरवलं कुठंय? कचेरीत आहे की."

"मग तर फारच सोपं. मागून आण."

तारमास्तर झालेल्या माणसाला जगातल्या सगळ्या गोष्टी कट-कट-कट्ट करून पलीकडे पोचतात असं वाटतं.

शालिनीने कमळीला कडेवर घेतलं, पिशवीत दुपटी, दुधाची बाटली आणि लिमलेटच्या गोळ्या भरल्या, आणि त्या गावची कचेरी गाठली. ओसरीवर दप्तराचा शिपाई पोशा बसला होता. वय पन्नाशीचं, पळसदरीच्या वरच्या ठाकूरवाडीतला. अंगात खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला. कमळीने जाता जाता बिल्ल्याला हात घातला तो सोडीना.

"ऱ्हाऊ द्या बाय, धरू द्या. सरकार हाय, घट हाय," पोशा म्हणाला.

आत अव्वल कारकून मोकाशी होते. त्यांनी शालिनीच्या सासऱ्यांची चौकशी केली, कमळी कुणावर गेली आहे ते ठरवलं, आणि आवकीचं बुक उघडून बोट खाली खाली नेलं.

"हे बघा वहिनी. अर्ज आला, सोबत एक कागद. दप्तरी दाखल. रुमाल नंबर एकतीस. झालं की तुमचं काम."

"मग परत मिळेल?"

"दाखल झालेला कागद परत कसा मिळेल? तीस वर्षं जपायचा असतो."

"तीस वर्षांनी मी काय करू त्याचं?"

"ते तुम्ही ठरवा. आमचं काम जपायचं."

शेवटी नक्कल द्यायला ते तयार झाले. नकलेच्या फीचं तिकीट लावून अर्ज दिला. मोकाशी दप्तराच्या खोलीत गेले. लाल फडक्यात बांधलेले रुमाल एकावर एक रचलेले होते. एकोणतीस होता, तीस होता, बत्तीस होता. मोकाशी तासाभराने बाहेर आले ते खांद्यावरची जळमटं झाडत.

"या खेपेला काही दिसत नाही. पुढच्या आठवड्यात या."

ती पुढच्या आठवड्यात गेली. त्याच्या पुढच्याही आठवड्यात गेली. मे महिना निम्मा सरला.

"मोकाशीभाऊजी, एकदा सांगून टाका हो. हरवलंय ना?"

मोकाशींनी कानाला हात लावला. "हरवलं असं म्हणू नका! सरकारी दप्तरातून कागद हरवत नसतो."

"मग कुठंय?"

"आहे. दिसत नाही."

"असं मला लिहून द्या. 'शोध घेतला, दिसत नाही.' रजिस्ट्रारसाहेबांना तेवढं पुरेल."

"दिसत नाही असं लिहून दिलं की वरून विचारणा होणार, का दिसत नाही? आणि नष्ट केला म्हणावं, तर नष्ट करायच्या कागदांची यादी आधी मंजूर व्हावी लागते. तशी यादी गेलेली नाही. यादी नाही म्हणजे कागद आहे." एवढं बोलून ते प्रसन्न हसले. तर्कशास्त्रात शालिनीला एकोणसाठ मार्क होते, पण तिला यातली चूक सापडेना.

ओसरीच्या टोकाला मोहियुद्दीन स्टँपवाले बसत. पुढ्यात लाकडी पेटी, कानावर टाक. त्यांनी एक रुपयाचा स्टँपाचा कागद काढला आणि पाठीमागे तारीख, घेणारणीचं नाव आणि कारण लिहायला घेतलं.

"नाव काय घालू, बाय?"

"परीक्षेला भागीरथी आत्माराम चौबळ. आता शालिनी त्रिंबक दिघे."

"दोनी बाया एकच?"

"एकच."

"मंग ते बी शपथेवर लिवा. नायतर उद्या साहेब म्हनंल, हरवला भागीरथीचा, मागायला आली शालिनी." त्यांनी टाक झटकला. "आता हरवला कसा ते बोला. उल्हास नदीत पडला लिवू? पावसाळ्यातला लिवला की कोन शोधाया जात नाय. नायतर शेळीनं खाल्ला."

"आमच्याकडे शेळी नाही."

"शेजाऱ्याची येती की चरत चरत. बरं, माथेरानच्या माकडांनी नेला? वर हवा खायला गेलता, खिडकी उघडी होती. त्या माकडांच्या नावावर मी आजवर दोन खरेदीखतं आनि एक मृत्युपत्र घातलंय. माकडं कदी उजर-तक्रार करीत नायत."

शालिनीला हसू आलं आणि भीतीही वाटली. "आणि खोटं निघालं तर?"

"तीन वर्सांपत्तूर सजा," मोहियुद्दीन शांतपणे म्हणाले. "पर निघत नाय."

शालिनीने मांडीवरच्या कमळीकडे पाहिलं. चौदा महिन्यांच्या पोरीत तीन वर्षं मिळवली. तेवढ्यात ती चालेल, बोलेल, जिना उतरेल, आणि हे सगळं सासूबाईंच्या नजरेखाली आणि कल्हई गेलेल्या भांड्यातलं दूध पिऊन. "मी खरंच लिहिणार," ती म्हणाली.

"खरं?" मोहियुद्दीननी पेटीवर कोपर टेकलं. "लिवा बाय. पर कागद जपून वापरा. खऱ्याला खाडाखोड लई होती."

तिने पेटीचाच आधार घेऊन वळणदार इंग्रजीत लिहिलं. मी अमुक, लग्नाआधीचं नाव तमुक, या दोन्ही नावांची व्यक्ती एकच, अमुक तारखेला अस्सल गुणपत्रक या कचेरीत दाखल केलं, तीनदा येऊन शोध करवला, ते सापडत नाही, पुढे सापडल्यास युनिव्हर्सिटीकडे परत पाठवीन. कुठेही शेळी नाही, नदी नाही, माकड नाही.

ते घेऊन ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेब म्हणजे कचेरीचे मुख्य आणि तेच मॅजिस्ट्रेट. म्हणजे कागद गमावणाऱ्या कचेरीचं डोकं आणि तो गमावला अशी शपथ ऐकायचे कान एकाच धडावर होते. डोक्याने वाचलं आणि कान लाल झाले.

"हे काय? ही शपथ आहे की सरकारवर फिर्याद?"

"जे झालं तेच लिहिलंय."

"सापडत नाही असं कोण म्हणतं? मोकाशी, तुम्ही म्हटलंत?"

"छे छे, साहेब. दिसत नाही एवढंच."

"मग बाई, तुम्ही घरी हरवल्याचं लिहून आणा. मी या मिनिटाला सही करतो. नाहीतर दप्तराची मोजदाद होईपर्यंत थांबा. मोजदाद दिवाळीनंतर."

कमळी रडायला लागली. लिमलेटची गोळी दिली ती तिने साहेबांच्या टेबलावर थुंकली. शालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचा तिला इतका राग आला की तिने गोळी उचलून साहेबांचं टेबलच पदराने खसाखसा पुसलं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"एकतीस नंबराचा रुमाल ना साहेब? त्यो वाळवीनं खाल्ला."

पोशा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

"दोन सालामागं. खालच्या फळीला वाळवी लागलेली. उचलाया गेलो तं हातात निसती माती. मीच टोपल्यात भरला नि मागं खड्ड्यात जाळला. मोकाशीभाऊ म्हनलं, जाळ."

"तू हे आत्तापर्यंत बोलला का नाहीस?" साहेब ओरडले.

"मला इचारलंच नाय कुनी."

खरंच विचारलं नव्हतं. तीन आठवडे मोकाशी बुकांत शोधल्यासारखं करत होते. पोशाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याला माहीत असेल असं बाकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो रुमाल गाठीवरून ओळखायचा, आणि बावीस वर्षांत त्याने बांधलेली एक गाठ चुकली नव्हती.

मोकाशी पांढरे पडले. पण साहेबांच्या तोंडावर हळूहळू उजेड पसरला. कागद हरवला असता तर तो कचेरीने हरवला असता. नष्ट झाला असेल तर तो कुणातरी माणसाने नष्ट केला असणार, आणि तो माणूस हातात तांब्या घेऊन समोरच उभा होता, वर स्वतःच कबूल करत होता. कारकुनाला धरायचं तर अलिबागला कलेक्टरपर्यंत लिहावं लागतं. शिपायाला धरायला जागेवरून उठायचंही कारण नाही.

"मोकाशी, याचा जबाब घ्या."

जबाब मोकाशींनीच लिहिला. पोशाच्या अंगठ्याला शाई लावली. पोशाने अंगठा उठवला आणि शाई आपल्या डोक्याच्या केसांना पुसली, कोट सरकारचा म्हणून.

"तुमचं काम झालं, बाई," साहेब आता फार गोड झाले होते. "'सापडत नाही' काढून टाका. लिहा, 'कचेरीचा शिपाई पोशा याच्या हातून नष्ट झालं.'"

शालिनीने लिहिलं. पुढे तिने हेही लिहिलं: 'मोकाशी यांच्या सांगण्यावरून.'

साहेबांनी त्या शब्दांवर बोट ठेवलं. "हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"नाही. पोशा आत्ता म्हणाला."

"म्हणजे ऐकीव. शपथेवर ऐकीव गोष्ट चालत नाही. शिकलेल्या आहात, तुम्हाला कळतंच."

शालिनीला कळलं. तिला एवढंही कळलं, की पोशाने कागद जाळला हेही तिने डोळ्यांनी पाहिलेलं नाही. दोन्ही गोष्टी तिने एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दमात ऐकल्या होत्या. एक चालत होती आणि एक चालत नव्हती. हा प्रश्न तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. टांगा बाहेर उभा होता. कमळीचं अंग किंचित कोमट लागत होतं. किंवा तसं वाटत होतं. अठरा जूनला तीन आठवडे होते, त्यांत अर्ज पुण्याला जायचा, तिथून मुंबईला, मुंबईहून परत.

पोशा तिच्याकडे बघून म्हणाला, "लिवा बाय, लिवा. पोरीला ऊन लागंल."

तिने ते तीन शब्द आडवी रेघ मारून खोडले. स्टँपाच्या कागदावर खाडाखोड केली की बाजूला सही लागते. तिने बाजूला बारीक अक्षरात सही केली, कुणी म्हणू नये की दुसऱ्याने खोडलं. मग तिला ओळखणारं कुणीतरी हवं होतं. मोकाशी पुढे झाले. "मी यांना व्यक्तिशः ओळखतो," असं लिहून त्यांनी खाली झोकदार सही ठोकली. शपथ झाली, शिक्का बसला.

बाहेर मोहियुद्दीननी कागद वाचून परत दिला. त्या खोडलेल्या जागेवर त्यांची नजर थोडी थांबली. "शेळी बरी व्हती, बाय," ते म्हणाले. "शेळीला घरदार नाय."

शालिनीने त्याच रात्री अर्ज लिहिला. 'रजिस्ट्रारसाहेब, मुंबई युनिव्हर्सिटी, यांस. मी खाली सही करणारी, इंटरमीजिएट आर्ट्स, १९२६, केंद्र पुणे, बैठक क्रमांक पुढे लिहिल्याप्रमाणे. परीक्षेच्या वेळचं नाव भागीरथी आत्माराम चौबळ. अस्सल गुणपत्रक नष्ट झाल्याने दुय्यम प्रत मिळावी. फी रुपये पाच मनीऑर्डरने पाठवली असून पावतीचा क्रमांक व तारीख सोबत. मॅजिस्ट्रेटपुढील प्रतिज्ञापत्र जोडलं आहे.' मनीऑर्डरच्या कुपनावरसुद्धा तिने परीक्षा, वर्ष, क्रमांक लिहिला, नाहीतर पाच रुपये कुणा दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या खाती पडायचे. अर्ज पुण्याच्या कॉलेजमार्फत गेला. पेंढारकरांनी प्रिन्सिपॉलांची सही घेऊन तो पुढे धाडला आणि शालिनीला एक कार्ड टाकलं: 'रवाना केला. या खेपेस नक्कल काढून ठेवावी.'

अकरा जूनला रजिस्टर टपालाने दुय्यम प्रत आली. वर तांबड्या शाईत 'दुय्यम' असा शिक्का. संस्कृतातले मार्क जागच्या जागी होते. त्रिंबकरावांनी पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं, "काही नाही हो, सरळ कागदोपत्री काम होतं."

सोळा तारखेला शालिनी मुंबईला निघाली. कर्जतच्या फलाटावर मोहियुद्दीन भेटले. स्टँप आणायला ठाण्याला चालले होते. त्यांनी कमळीच्या हातावर खारीक ठेवली.

"पोशा कसा आहे?" तिने विचारलं.

"पोशा?" मोहियुद्दीन गाडीच्या दिशेने बघत म्हणाले. "बिल्ला घेतला त्याचा. सरकारी कागद जाळला म्हनून बडतर्फ. बावीस वर्सं झालती. पेन्शनीला आठ ऱ्हायली व्हती."

"पण मोकाशींनी सांगितलं म्हणून..."

"त्ये कागदावर कुटं हाय?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "जबाबात नाय, कारन लिवनारा मोकाशी. तुमच्या कागदात व्हतं. थोडा येळ."

मुंबईला पोचल्यावर पहिल्या रविवारी शालिनीने साहेबांना अर्ज लिहिला. पोशाने जे केलं ते हुकमावरून केलं, हे त्याने आपल्यासमोर, साहेबांसमोर सांगितलं. सबब त्याला कामावर घ्यावं. नक्कल काढून ठेवली. उत्तर ऑगस्टमध्ये आलं. अक्षर मोकाशींचं, सही साहेबांची. 'अर्जदार बाईंनी मे महिन्यात शपथेवर दिलेल्या प्रतिज्ञापत्रात कोणाच्याही हुकमाचा उल्लेख नाही. उलट असा उल्लेख असलेले शब्द बाईंनी स्वतः खोडून बाजूस सही केलेली आहे. सबब आताचं म्हणणं खरं की शपथेवरचं, याचा खुलासा करावा. शपथेवरचं खरं नसल्यास ते युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रारसाहेबांस कळवणं या कचेरीस भाग पडेल.'

पत्र फार चांगलं लिहिलं होतं. तीन आठवडे ज्यांना एक रुमाल सापडला नाही, त्यांना तिची बारीक सही दोन महिन्यांनी अचूक सापडली होती.

शालिनीने ते पत्र तीनदा वाचलं. खुलाशाचा मसुदा लिहायला घेतला, दोनदा फाडला. नणंद म्हणाली, "वहिनी, तुमची टर्म चालू आहे. दुय्यम प्रत रद्द झाली तर? आणि पुन्हा म्हटलं तर या पोरीकडे कोण बघणार?" मसुदा तिसऱ्यांदा लिहिलेला आहे. तो फाडलेला नाही आणि पाठवलेलाही नाही. कॉलेजात लेक्चर चालू असताना ती खिडकीबाहेर बघते. प्रोफेसरांना वाटतं, बाईंचं लक्ष घरच्या मुलीकडे आहे.

तिने पोशाला दोन रुपयांची मनीऑर्डर केली होती, ती 'घेणारा सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आली. वाडीत पोस्टमन चढत नाही, हे तिला ठाऊक आहे. शेरा मारणाऱ्याने कुणाला विचारलं होतं का, तेवढं तिला ठाऊक नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी पुण्याकडे जाणारा असेल, तर पुण्याच्या गाडीने जाताना एक दिवस कर्जतला उतरा. पळसदरीपर्यंत वाटेने कुणीही सांगेल. तिथून मागच्या डोंगरावर ठाकूरवाडी, पाऊण तासाची चढण. पाऊस असेल तर काठी घ्या. पोशाचं घर विचारा. बायकोचं नाव आवडी. घरी गेल्यावर कुणी पाठवलं ते सांगू नका आणि कसलाही कागद बरोबर नेऊ नका, ती माणसं आता कागद बघून घाबरत असतील. पाणी मागा, थोडं बसा. चूल पेटलेली आहे का ते बघा. पोशा घरात नसेल, तर तो कुठे कामाला गेला आहे आणि कधी परत येणार, तेवढं आवडीला विचारा. आणि ती काय म्हणाली, ते जसंच्या तसं, एक शब्दही न गाळता, शालिनीला कळवा.